चार वाक्यांची फिर्याद

*ताई, देवगड तालुक्यात आमची हापूसची दोनशे कलमं आहेत. गेल्या एप्रिलात शेजारच्या वाडीतल्या एका पॅकिंगवाल्याच्या शेडवर कर्नाटक पासिंगचा ट्रक खाली होताना मी डोळ्यांनी पाहिला. फोटो काढले आणि बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: ‘आज सकाळी अमुक ट्रेडर्सच्या शेडवर कर्नाटकचा ट्रक उतरला. तो आंबा देवगड हापूसच्या पेट्यांत भरतायत. हा माणूस चोर आहे, याचा बापही तसाच होता. याला कोणी माल घालू नका.’ दुसऱ्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाला अर्जही दिला. डोंबिवलीच्या चुलतभावाने माझा मेसेज त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आता हवालदार देवगड कोर्टाचा कागद देऊन गेला, त्यात मी, चुलतभाऊ आणि आमचा ग्रुप ॲडमिन असे तिघे आरोपी. तारीख अठरा दिवसांवर आहे. कोणी म्हणतं मेसेज डिलीट कर, कोणी म्हणतं लेखी माफी देऊन मोकळा हो. अटक होईल का? आणि मी खराच बोललंय, तर गुन्हा कसला?*

*— एक बागायतदार, देवगड तालुका*

भाऊ, अटक होणार नाही. अब्रूनुकसानी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलिस यात स्वतःहून एफआयआर घेत नाहीत, तपास करत नाहीत. ज्याची बदनामी झाली म्हणतात त्यानेच मॅजिस्ट्रेटपुढे खाजगी फिर्याद करायची असते. हवालदार तुमच्या दारात आला तो कोर्टाचा कागद पोचवायला, तुम्हाला न्यायला नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि १ जुलै २०२४ पासून समाजसेवेचाही पर्याय आला आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘पाचशे कलम’ असतं. ते भारतीय दंड संहितेचं. तुमचा मेसेज नव्या कायद्यानंतरचा, म्हणून तुम्हाला ३५६.

तुम्ही पत्रासोबत त्या कागदाचा फोटो जोडलात ते बरं केलंत, कारण सगळं त्यावरच्या एका ओळीवर अवलंबून आहे. गावात कोर्टाच्या प्रत्येक कागदाला समन्स म्हणतात. तुमच्या हातात आहे ते समन्स नाही. त्यावर ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम २२३’ असं लिहिलंय. म्हणजे कोर्टाने अजून तुमच्याविरुद्धच्या फिर्यादीची दखल घेतलेली नाही. दखल घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी तुमचं काय म्हणणं आहे, एवढंच ते विचारतंय.

ही सोय नवी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फिर्यादी यायचा, शपथेवर जबाब द्यायचा, मॅजिस्ट्रेट कागद बघून प्रोसेस, म्हणजे आरोपीला हजर राहण्याचा हुकूम, काढायचे आणि आरोपीला पहिली खबर लागायची ती थेट समन्सनेच. एकदा प्रोसेस निघाली की ती मॅजिस्ट्रेटना स्वतःला मागे घेता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे मग वरच्या कोर्टात धावाधाव. आता २२३ च्या परंतुकाने आरोपीला त्याआधी एक दार उघडून दिलं आहे. हे दार नावापुरतं नाही. आरोपीला न ऐकताच दखल घेतली, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये एका प्रकरणातला दखल घेण्याचा आदेशच रद्द केला. आणि अब्रूनुकसानीच्याच एका प्रकरणात कर्नाटक हायकोर्टाने २०२४ मध्ये क्रम स्पष्ट केला: आधी फिर्यादीचा आणि त्याच्या साक्षीदारांचा शपथेवर जबाब, मग आरोपीला नोटीस, आणि नोटिशीबरोबर फिर्याद आणि ते जबाब.

तुम्हाला मिळालंय फक्त नोटिशीचं एक पान. म्हणून या अठरा दिवसांतलं पहिलं काम म्हणजे वकिलाला वकीलपत्र देऊन फिर्याद, फिर्यादीचा शपथेवरचा जबाब (कोर्टात त्याला ‘व्हेरिफिकेशन’ म्हणतात) आणि जोडलेले कागद यांच्या नकला मागणं. तारखेपर्यंत नाही मिळाल्या, तर पहिल्याच तारखेला त्याचा अर्ज द्या आणि म्हणण्यासाठी पुढची तारीख घ्या. ते कागद न वाचता कोर्टात एक अक्षरही बोलू नका. फिर्यादीत तुमचे नेमके कोणते शब्द उतरवलेत, हे तुम्हाला अजून माहीतच नाही. मी पाहिलेल्या निम्म्या फिर्यादींत आरोपीचा मूळ मजकूर पुरता नसतो. फिर्यादीला बोचलेली ओळ तेवढी असते, आजूबाजूचं गाळलेलं असतं.

आता मेसेज डिलीट करण्याबद्दल. करू नका. ग्रुपवर तो कधीच कुणीतरी स्क्रीनशॉट करून ठेवलाय, नाहीतर फिर्याद झालीच नसती. तुम्ही पुसलात तर जाणार ते तुमच्याच बाजूचं: त्यावर इतरांनी काय लिहिलं, ‘मीसुद्धा ट्रक बघितलंय’ असं कोण म्हणालं, तुम्ही फोटो किती वाजता टाकलात. वर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप अंगावर येऊ शकतो. माझ्या एका अशिलाने घाबरून अख्खा ग्रुप सोडला आणि फोन रिसेट मारला. त्याच्या बाजूने बोलणारे तीन मेसेज त्या फोनबरोबर गेले, आणि समोरच्याकडचा एक स्क्रीनशॉट तेवढा राहिला.

फोन जसा आहे तसा ठेवा, विकू नका, बदलू नका. ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या. मूळ फोटो गॅलरीतूनच ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले नव्हे, कारण वेळ आणि जागेची नोंद मूळ फाइलमध्ये असते. आणि आज रात्रीच ग्रुपच्या सभासदांच्या यादीचे स्क्रीनशॉट काढा. चॅट एक्स्पोर्ट केलं तरी ही यादी त्यात येत नाही, आणि ती का लागणार ते पुढे सांगते. हे सगळं पुरावा म्हणून दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने. ते वकील बघतील. त्यांना फोन मात्र मूळचा द्या.

ग्रुपवर केसबद्दल एक शब्दही नवा टाकू नका. ‘बघून घेऊ कोर्टात’ हेसुद्धा नको. तेही उद्या फिर्यादीला जोडलं जातं.

तुमचा खरा प्रश्न शेवटचा आहे. खरं बोललो तर गुन्हा कसा? आपल्याकडे ही समजूत पक्की आहे, आणि ती अर्धीच बरोबर आहे. कलम ३५६ मध्ये दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद सत्याचा, पण नुसत्या सत्याचा नाही. गोष्ट खरी हवी आणि ती सांगणं लोकहिताचं हवं. शेजाऱ्याच्या घरातली खरी भानगड चव्हाट्यावर मांडली, तर ती खरी असूनही हा अपवाद मिळत नाही. शिवाय अपवादात बसतो हे दाखवायचं ओझं आरोपीवर असतं. सरकारी पक्षाला लागतो तितका निःसंशय पुरावा तुम्हाला लागत नाही, ‘असंच असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. पण दाखवायचं तुम्हीच.

म्हणून तुमचा मेसेज घेऊन बसा आणि वाक्य वाक्य सुटं करा. मी वकिलीत हेच करते, आणि दर वेळी एकाच मेसेजमधली वाक्यं वेगवेगळ्या तराजूत जातात.

‘आज सकाळी शेडवर कर्नाटकचा ट्रक उतरला.’ हे तुम्ही पाहिलंय, फोटो आहे, नंबरप्लेट दिसते. निव्वळ या वाक्याने कुणाची अब्रू जात नाही. इथे काळजी नाही.

‘तो आंबा देवगड हापूसच्या पेट्यांत भरतायत.’ खरी फिर्याद या वाक्यावर उभी आहे आणि तुमचा बचावही इथेच आहे. पण मला तुमचे फोटो बघायचेत. क्रेटमधला आंबा छापील पेटीत जाताना दिसतोय का? की एका फोटोत ट्रक आहे आणि दुसऱ्यात शेडमध्ये रचलेल्या पेट्या? या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. समोरचा काय सांगणार ते मी आत्ताच सांगते: ‘तो माल कॅनिंगचा होता, पल्पला जायचा होता, शेडमध्ये फक्त उतरवला.’ कोकणात परजिल्ह्यातला आंबा कॅनिंगला येतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हे उत्तर वरवर पटण्यासारखं आहे. मग तुम्हाला दाखवावं लागेल की तुम्ही हा अंदाज उगाच बांधला नाही. एप्रिलात, पेटीचा भाव चढा असताना, कोण कॅनिंगचा माल उतरवतो? शेडवर त्या दिवशी पेट्या भरायला कोण बायका होत्या? त्या पेट्या पुढे कुठल्या गाडीने, कुणाच्या नावाने वाशीला गेल्या? तुम्ही ड्रायव्हरला विचारलंत का, आणि तो काय म्हणाला?

हे प्रश्न मी खवचटपणे विचारत नाही. तुमच्या कामाचा मुख्य अपवाद नववा आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी, किंवा लोकहितासाठी, सद्भावनेने केलेला आरोप. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला, तर तुमच्या दोनशे कलमांच्या पेटीचा भाव पडतो. हित तुमचं, ते उघड आहे. अडचण ‘सद्भावना’ या शब्दात आहे. आपण त्याचा अर्थ ‘मनात पाप नव्हतं’ असा घेतो. कायद्यातला अर्थ वेगळा आहे: जे योग्य दक्षता आणि लक्ष देऊन केलेलं नाही ते सद्भावनेने केलेलं नाही. म्हणजे तुमचं मन कितीही साफ असलं तरी कोर्ट विचारणार की लिहिण्याआधी तुम्ही खात्री काय केलीत. तुम्ही दहा मिनिटं थांबून शेडच्या पोराला विचारलं असेल, दुसऱ्या बागायतदाराला फोन करून बोलावलं असेल, तर ती दहा मिनिटं आता सोन्याची आहेत. कॉल लॉग बघा. आठवेल ते आजच, तारीखवेळेसकट, वहीत लिहून ठेवा. उलटतपास दोन वर्षांनी होईल, तेव्हा आठवण्यावर विसंबू नका.

सभासदांची यादी इथे लागते. नववा अपवाद ज्यांचं हित गुंतलंय त्यांच्यापुरता भक्कम असतो. ग्रुपवर फक्त बागायतदार असतील तर तुमचं बोलणं आपल्याच लोकांना सावध करणं ठरतं. त्यात वाशीचे दलाल, मुंबईची गिऱ्हाइकं, अमेरिकेतली भाची आणि गावातली क्रिकेट टीम असेल, तर समोरचा वकील एकेक नाव वाचून विचारेल की यांच्या कुठल्या हिताचं रक्षण केलंत.

‘हा माणूस चोर आहे, याचा बापही तसाच होता.’ भाऊ, हे वाक्य तुम्हाला महागात पडणार. चोर हा शब्द तुम्ही पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीतून निघत नाही. समजा पेट्यांचं सगळं सिद्ध झालं, तरी ती दिशाभूल ठरेल, फसवणूक ठरेल, चोरी नाही. आणि वडील वारले असावेत असं तुमच्या ‘होता’वरून धरते. मेलेल्या माणसाबद्दल बोललं तर चालतं, हाही एक गैरसमज. तो जिवंत असता तर ज्याने त्याची अब्रू गेली असती, आणि जे घरच्यांना दुखवायच्या हेतूने म्हटलंय, ते स्पष्टीकरण १ प्रमाणे अब्रूनुकसानीच आहे. वडिलांच्या पेट्यांबद्दल तुमच्याकडे काय पुरावा आहे? काही नाही. या अर्ध्या वाक्याला दहातला एकही अपवाद लागत नाही.

‘याला कोणी माल घालू नका.’ हे ऐकायला सगळ्यात जहाल वाटतं, पण कायद्याच्या नजरेने ते तिसऱ्या वाक्यापेक्षा बरं आहे. दहावा अपवाद सावधगिरीच्या इशाऱ्याचा आहे: ज्याला सांगितलं त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेली सूचना. दुसरं वाक्य टिकलं तर चौथं त्याच्या आधाराने टिकेल. दुसरं पडलं तर हेही पडेल.

आता अन्न व औषध प्रशासनाला दिलेला अर्ज. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो जवळपास त्याच मजकुराचा आहे. तरी तो वेगळ्या खात्यात मोडतो. आठवा अपवाद सांगतो की ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा अधिकाऱ्याकडे सद्भावनेने तक्रार करणं ही अब्रूनुकसानी नाही. चुकीचं लेबल लावून खाद्यवस्तू विकणं हा त्या खात्याचाच विषय, तेव्हा दार तुम्ही बरोबर ठोठावलंत. त्या अर्जाची आवक नंबर आणि शिक्क्याची पोच तुमच्याकडे असेलच. नसेल तर उद्याच कार्यालयात जाऊन प्रत काढा, आणि त्या अर्जावर पुढे काय झालं ते माहितीच्या अधिकारात मागा. त्यांनी नमुने घेतले असतील, पाहणी केली असेल, तर तो कागद तुमच्या दुसऱ्या वाक्याला आधार देईल. मेसेज आधी आणि अर्ज दुसऱ्या दिवशी, हा क्रम उलटा असता तर मला जास्त आवडलं असतं. पण चोवीस तासांत तुम्ही योग्य कार्यालयात गेलात, हेही नसे थोडके.

पहिल्या सुनावणीत काय मांडायचं आणि काय राखून ठेवायचं, इथे वकिलांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो सगळं ओता, प्रोसेसच निघू देऊ नका. मी दुसऱ्या पंथाची. दखल घेण्याआधीची सुनावणी म्हणजे खटला नव्हे. मॅजिस्ट्रेट तिथे साक्षीपुरावा तोलत बसत नाहीत, आणि तुम्ही जे जे दाखवाल त्याप्रमाणे समोरचा आपल्या साक्षीदारांना तयार करून आणणार. म्हणून लेखी म्हणणं दीडदोन पानांचं ठेवा. त्यात फिर्यादीच्याच कागदांतून जे दिसतं ते दाखवा: मूळ मेसेज अख्खा दिलेला नाही, तो बागायतदारांच्या ग्रुपवर होता, अधिकाऱ्याकडे तक्रार झाली होती. अर्जाची पोच जोडा, ती तशीही सरकारी दप्तरात आहे. प्रोसेस काढताना मॅजिस्ट्रेटना अपवादांचा विचार करता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्य केलंय, तो निकाल वकील देतील. पण शेडवर काम करणाऱ्या बाईचं नाव, ड्रायव्हरचं बोलणं आणि तुमचे सगळे फोटो आत्ता बाहेर काढू नका. ते उलटतपासासाठी.

मुदतीचा मुद्दा तुमच्याकडे नाही. या गुन्ह्याला फिर्याद करायला तीन वर्षं असतात, मेसेजला एकच होतंय.

ॲडमिनची काळजी कमी करा. सभासदाने काय लिहिलं याला केवळ ॲडमिन म्हणून कुणी जबाबदार नसतो, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. त्याने तुमच्या मेसेजवर अंगठ्याचा इमोजी टाकून ‘शाब्बास’ वगैरे लिहिलं नसलं, तर त्याचं नाव याच टप्प्यावर गळायला हवं.

चुलतभावाचं तसं नाही. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव नाही. बदनामीचा मजकूर पुढे पोचवणं म्हणजेच तो प्रसिद्ध करणं. आणि खात्रीचा प्रश्न आला की त्याची बाजू तुमच्यापेक्षा लंगडी आहे, कारण तुम्ही ट्रक पाहिला होता, त्याने फक्त तुमचा मेसेज पाहिला. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे. तो देवगड कोर्टाच्या हद्दीबाहेर राहतो. अशा आरोपीवर प्रोसेस काढण्याआधी मॅजिस्ट्रेटनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२५ प्रमाणे स्वतः चौकशी करणं किंवा करवणं बंधनकारक आहे. ती न करता त्याच्यावर प्रोसेस निघाली, तर वरच्या कोर्टात तो मोठा मुद्दा होतो. माझं ऐकाल तर तिघांनी एकच वकील करू नका. आज तुम्ही एका ताटात जेवता, पण उद्या त्याचा वकील म्हणणार, ‘मी भावावर विश्वास ठेवला’, आणि तुमचा म्हणणार, ‘मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं नव्हतं’. दोन्ही वाक्यं एका वकिलाच्या तोंडी शोभत नाहीत.

समजा म्हणणं ऐकूनही प्रोसेस निघाली. मग खरं समन्स येईल. त्या तारखेला न चुकता हजर राहा. गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे जामीन हा तुमचा हक्क आहे. बहुतेक वेळा जातमुचलक्यावर किंवा एका जामीनदारावर भागतं. सातबाऱ्याचा ताजा उतारा आणि आधारकार्ड जवळ ठेवा. समन्स मिळूनही गेला नाहीत, तर आधी जामीनपात्र वॉरंट आणि मग अजामीनपात्र, आणि पोलिस घरी येतील ते तेव्हा. या गुन्ह्यात लोक तुरुंगाच्या दारापर्यंत जातात ते बहुतेक असे, तारीख चुकवून. पुढच्या तारखांना हंगामाचं कारण देऊन हजेरीमाफी मागता येते. डोंबिवलीच्या भावाने तर पहिल्याच तारखेला कायमच्या हजेरीमाफीचा अर्ज द्यावा.

प्रोसेसविरुद्ध ओरोसला सेशन्स कोर्टात नव्वद दिवसांत रिव्हिजन, म्हणजे त्या आदेशाच्या फेरतपासणीचा अर्ज, करता येतं. हायकोर्टात केस रद्द करण्याचा अर्जही करता येतो, आणि त्यासाठी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या माणसांना आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. पण तुमच्या केसमध्ये मी आधी रिव्हिजन म्हणेन. हायकोर्ट त्या टप्प्यावर पेटीत काय भरलं या वादात शिरत नाही, आणि तुमचा सगळा वाद पेटीत काय भरलं याचाच आहे. याशिवाय मॅजिस्ट्रेटपुढे आरोप वाचून दाखवण्याच्या वेळी, कलम २७४ प्रमाणे, आरोप निराधार वाटला तर सोडून देण्याची तरतूद नव्या संहितेत आली आहे. वकिलाला आठवण करा, सगळ्यांच्या अंगवळणी ती अजून पडलेली नाही.

राहिली माफी. ग्रुपमधली मंडळी म्हणतात तशी ‘माझं चुकलं, मी खोटं लिहिलं’ अशी चिठ्ठी देऊ नका. ती चिठ्ठी म्हणजे तुमचा कबुलीजबाब होईल, आणि उद्या त्याच्या आधारावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही येईल. पण ‘चोर’ आणि ‘बाप’ हे अर्ध्या ओळीचं ओझं तुम्ही कशाला वाहताय? हा गुन्हा आपसात मिटवता येतो, फिर्यादीने कोर्टापुढे तडजोड मान्य केली की तुम्ही निर्दोष सुटल्यासारखेच. मी तुमच्या जागी असते तर वकिलामार्फत, सगळे हक्क राखून, एवढंच कळवलं असतं: ‘तुमच्या वडिलांबद्दलचे आणि “चोर” हे शब्द रागाच्या भरात गेले, ते मी मागे घेतो. ट्रक आणि पेट्यांबद्दल मी जे पाहिलं ते अधिकाऱ्यांकडे दिलं आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.’ मांडलेला पेट्यांचा मुद्दा सोडायचा नाही, आणि टिकणार नाही ते धरून बसायचं नाही. वडिलांचं नाव निघाल्यावर माणूस कोर्टात जातो, पेट्यांवरून क्वचित जातो. फिर्याद वाचाल तेव्हा त्यात बापाचा उल्लेख कितव्या परिच्छेदात आहे ते बघा. पहिल्या दोनात असेल तर हे पत्र तारखेआधीच पाठवा. शेवटी कुठेतरी असेल तर त्याला धंद्याचं भांडण लढायचंय, मग पत्राची घाई नाही, आधी म्हणणं दाखल करा.